निवृत्तीनंतर कारखान्यांसाठी फ्रीलान्स सल्लागार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणपासून वाळूज, सातपूर, शिरोलीपर्यंतच्या एमआयडीसींमध्ये उत्पादन, क्वालिटी किंवा मेंटेनन्समध्ये तीस-पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्यांसाठी हे पान आहे. डॉक्टर, वकील, बँक अधिकारी यांचं गणित वेगळं, त्यामुळे ते इथे घेतलेलं नाही. कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सीए मंडळी अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

पस्तीस वर्षांचा अनुभव आहे, ओळखीही भरपूर आहेत. तरी काम का मिळत नाही?

कारण छोट्या कारखान्याचा मालक अनुभव विकत घेत नाही. त्याच्या टेबलावर आज एक कागद पडलेला असतो: कस्टमरकडून परत आलेल्या मालाची डेबिट नोट. त्याला तो कागद थांबवायचा असतो. तुम्ही भेटायला जाता आणि 'प्लांट हेड होतो, चारशे माणसं हाताखाली होती, तीन प्लांट उभे केले' असं सांगता. तो चहा पाजतो, 'साहेब, नक्की बोलावतो' म्हणतो आणि बोलावत नाही. त्याने तुमचा अपमान केलेला नसतो. एवढ्या मोठ्या माणसाला नेमकं काय सांगायचं, हेच त्याला कळलेलं नसतं.

मोठ्या कंपनीत तुमच्यामागे टूलरूम होती, लॅब होती, डेटा काढून देणारी दोन पोरं होती. साठ माणसांच्या युनिटमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे तुमचं काय चालेल, हे आधी स्वतःशी तपासून पाहावं लागतं. माझा सल्ला असा की व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजमेंट कन्सल्टंट' छापण्याऐवजी एक ओळ लिहा, जी वाचून मालक म्हणेल, 'अरे, हीच आपली कटकट.' उदाहरणार्थ, 'ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमधलं लीक टेस्ट रिजेक्शन कमी करून देतो'. ओळ जितकी अरुंद, तितके फोन जास्त.

म्हणजे प्रत्यक्षात काम कसं असतं? एखादं उदाहरण द्याल का?

एक नमुना घेऊ. प्रेशर डाय कास्टिंगचं युनिट, महिन्याला वीस हजार ॲल्युमिनियम हाउसिंग. कास्टिंग आज निघतं, फेटलिंग होतं, मशीनिंगला जातं आणि दोन-तीन दिवसांनी लीक टेस्टला पोचतं. तिथे सहा टक्के माल फेल होतो. मालकाचं म्हणणं, मशीन जुनी झाली. सुपरवायझरचं म्हणणं, इनगॉट खराब येतो. मशीन शॉप म्हणतं, कास्टिंगमध्येच भोकं आहेत.

अशा ठिकाणी पहिल्या दिवशी काही सुचवायला जाऊ नये. एक मार्कर आणावा आणि प्रत्येक कास्टिंगवर ते कुठल्या तासाला निघालं एवढंच लिहायला सांगावं. फेल झालेला माल तीन दिवसांनी तासाप्रमाणे टेबलावर मांडला की चित्र दिसतं: बहुतेक तुकडे सकाळी सात ते आठमधले आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या अर्ध्या तासातले. याचा अर्थ डाय थंड असताना ओतलेला माल. डाय तापायच्या आधीचे शॉट वितळवायला परत जायला हवेत, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. मग ते चांगल्या मालाच्या ट्रॉलीत का जातात?

कारण ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह शॉटच्या संख्येवर ठरलेला आहे. पहिले पंधरा शॉट फेकले तर त्याचे पैसे कापले जातात. सुपरवायझरला हे दिसतं, पण इन्सेंटिव्ह मालकाने स्वतः ठरवलेला असल्यामुळे तो बोलत नाही. आणि लीक टेस्ट दोन दिवसांनी होत असल्याने कोणता तुकडा कुठल्या तासाचा, हे तोवर हरवलेलं असतं.

उपाय साधे निघतात. शिफ्टच्या आधी गॅस बर्नरने डाय तापवायची. सुरुवातीच्या शॉटसाठी मशीनजवळ लाल ट्रॉली ठेवायची. इन्सेंटिव्ह चांगल्या तुकड्यांवर मोजायचा. पहिल्या दोन गोष्टी सुपरवायझर करू शकतो, तिसरी फक्त मालक. बाहेरच्या माणसाची खरी गरज इथे असते. नोकरीतल्या माणसाला जे मालकाच्या तोंडावर म्हणता येत नाही, ते तुम्ही आकडे पुढे ठेवून शांतपणे म्हणू शकता.

रिजेक्शन यातून अडीच टक्क्यांवर येतं, शून्यावर नाही. उरलेल्या मालात मशीनिंग एका जागी फार खोल जातं. कास्टिंगची वरची घट्ट कातडी निघते आणि आतली सच्छिद्रता उघडी पडते. त्यासाठी डायमध्ये दुरुस्ती लागेल. ते वेगळं काम, वेगळा प्रस्ताव. पहिल्या कामातच ते घुसडलं तर काम कधीच संपत नाही आणि फी मात्र संपलेली असते.

पहिलं गिऱ्हाईक कुठून मिळतं?

बहुतेकांना ते जुन्या व्हेंडरकडून मिळतं. तुम्ही ज्यांचे ऑडिट केले, ज्यांचा माल नाकारला किंवा वाचवला, ते तुम्हाला ओळखतात. पण इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. व्हेंडरला तुमचं ज्ञान हवंय की तुमचा फोन? 'साहेब, तुम्ही नुसता एक फोन करा, तिकडचं पीपीएपी पास होऊन जाईल' असं वाक्य पहिल्या भेटीत आलं, तर तो तुमची जुनी खुर्ची भाड्याने मागतोय. ती खुर्ची आता दुसऱ्याची आहे. वर्षभरात तुमच्या ओळखीचे अधिकारी बदलतात आणि तुमची किंमतही त्यांच्याबरोबर जाते.

जुन्या कंपनीच्या थेट व्हेंडरऐवजी त्याच धंद्यातला, पण दुसऱ्या कंपनीला माल देणारा कारखाना पहिल्या कामासाठी मला बरा वाटतो. तिथे तुमच्या हातात फक्त तुमचं काम असतं. इंडस्ट्रीज असोसिएशनच्या बैठका, टूलिंगवाले, मेट्रॉलॉजी लॅब चालवणारे, मशीन विकणारे डीलर ही माणसं दिवसभर कारखान्यांतून फिरतात. कुठे काय अडलंय हे त्यांना आधी कळतं. त्यांना तुमची ती एक ओळ माहीत असली पाहिजे.

जुन्या कंपनीने 'स्पर्धकाकडे काम करणार नाही' असं लिहून घेतलंय. मग?

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरतो आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. गोपनीयतेची अट मात्र लागू राहते. जुन्या कंपनीची ड्रॉइंग, कॉस्टिंग शीट, व्हेंडरचे दर पेनड्राइव्हवर घरी आले असतील तर ते काढून टाका. डोक्यातलं शहाणपण तुमचं, फाइल कंपनीची. तुमचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल, कंपनीने निवृत्तीनंतर वेगळे पैसे देऊन करार केला असेल, तर वकिलाला कागद दाखवा.

मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो. मला हे करता येईल का?

गट 'अ' मधून निवृत्त झाला असाल तर पहिल्या वर्षात व्यावसायिक काम स्वीकारण्याआधी सरकारची परवानगी लागते, आणि सल्लागार म्हणून स्वतंत्र व्यवसायही ठरावीक परिस्थितीत त्यात मोडतो. परवानगी नसेल तर पेन्शनवर परिणाम होऊ शकतो. आपल्या खात्याला लेखी विचारा, सहकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

फी किती सांगायची? मागायला फार संकोच वाटतो.

दोन बाजूंनी हिशेब करा. पहिली बाजू तुमची. शेवटचं पॅकेज वर्षाला २४ लाख होतं असं धरा. कामाचे दिवस २४० धरले तर दिवसाला १०,००० पडतात. पण आता गाडीचं पेट्रोल तुमचं, विमा तुमचा, आणि घरी बसून अहवाल लिहाल त्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही. म्हणून दिवसाला १२,००० ते १५,००० च्या खाली गेलात तर तुम्ही जुन्या पगारापेक्षा स्वस्तात काम करताय.

दुसरी बाजू मालकाची, आणि तीच जास्त महत्त्वाची. वरच्या उदाहरणात महिन्याला १,२०० तुकडे फेल होतात. भंगाराचे पैसे वजा करून प्रत्येकी ११० रुपयांचं नुकसान धरलं तर १,३२,००० रुपये जातात. रिजेक्शन अडीच टक्क्यांवर आलं की ५०० तुकडे राहतात, म्हणजे महिन्याला ७७,००० वाचतात. आठ दिवसांच्या कामाची तुमची फी १२,००० ने ९६,००० झाली, तर ती सव्वा महिन्यात वसूल होते. हा हिशेब मालकासमोर त्याच्याच आकड्यांनी मांडा. संकोच पुष्कळ कमी होतो, कारण बोलणं तुमच्या किमतीवरून त्याच्या नुकसानीवर जातं.

हिशेब उलटा आला तर? महिन्याला दहा हजारांचं नुकसान आणि तुमची फी लाखभर, असं असेल तर काम घेऊ नका, ओळखीखातर फी पाडूनही घेऊ नका. पाडलेली फी भोसरीत एका आठवड्यात सगळ्यांना कळते.

जेवढी बचत होईल त्यात टक्का घेऊ का, असंही विचारलं जातं. ऐकायला आकर्षक आहे. पण बचत मोजणार मालकाचा अकाउंटंट, आणि मधल्या काळात ऑर्डर कमी झाली तर वाद ठरलेला. निदान पहिल्या कामाला तरी दिवसाचा दर बरा.

लेखी किती आणि काय हवं?

एक पान पुरतं. त्यात कोणता पार्ट, कोणतं रिजेक्शन, आज किती टक्के आणि कुणाच्या नोंदींवरून, किती दिवस येणार, कारखान्याने काय द्यायचं (नोंदी लिहायला एक माणूस, सुपरवायझरचा रोज अर्धा तास), तुम्ही शेवटी काय देणार आणि पैसे कधी, एवढं असावं. निम्मे आगाऊ मागा. मालक आगाऊ द्यायला फार खळखळ करत असेल तर शेवटचे पैसे कसे मिळतील याचा अंदाज तिथेच येतो.

आकड्याची हमी देऊ नका. 'अडीच टक्क्यांवर आणून दाखवतो' लिहिलं आणि मालकाने इन्सेंटिव्ह बदललाच नाही, तर दोष तुमच्या पदरी. त्याऐवजी कारणं शोधून, चाचणी घेऊन, नवी पद्धत सुपरवायझरला शिकवून देईन, असं लिहा. 'आज किती टक्के' ही ओळ मात्र सोडू नका. सुरुवातीचा आकडा दोघांच्या सहीने नोंदवलेला नसेल, तर काम झाल्यावर 'तसं आधीही एवढंच होतं' हे वाक्य ऐकावं लागतं.

मालक म्हणतो, 'साहेब, रोज या, महिन्याला ठरावीक रक्कम देतो.' घेऊ का?

घ्यायला हरकत नाही, पण मग ते काय आहे हे ओळखा. हजेरी लावायची, ठरावीक वेळेला यायचं-जायचं, रजा मागायची, तिथल्या माणसांना हुकूम द्यायचे, हे सगळं असेल तर ती नोकरीच, कागदावर काही लिहिलं तरी. टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला हे २६एएसमध्ये दिसतं. १९२ असेल तर पगार, १९४जे असेल तर व्यावसायिक फी. पगार धरला गेला तर खाली सांगितलेली करसवलत मिळत नाही.

दुसरी अडचण व्यवहाराची. रोज जाणारा माणूस दोन महिन्यांत तिथल्या रोजच्या आगी विझवण्यात अडकतो. डिस्पॅच झालं का, ऑपरेटर का आला नाही, याच चर्चा. ज्या प्रश्नासाठी बोलावलं तो कोपऱ्यात राहतो. आठवड्यातून दोन दिवस, तेही ठरलेले, ही मांडणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. मधल्या दिवसांत कारखान्याने सांगितलेलं करायचं असतं. केलं नाही तर ते तुम्हाला पुढच्या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

कर किती बसेल?

अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ला यांना कलम ४४एडीए लागू होतं. मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, उरलेली निम्मी खर्च मानली जाते. पावत्या जमवायला नकोत, हिशेबाची पुस्तकंही नकोत. वर्षाला ५० लाखांपर्यंत फी असेल तर हे चालतं. रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाखांपर्यंत.

आकड्यांत पाहू. व्याज ६ लाख, कन्सल्टिंगची फी ८ लाख, ईपीएस पेन्शन वर्षाला ९०,०००. पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १५,००० उरतात. फीचे ४ लाख उत्पन्न धरले जातात. एकूण १० लाख १५ हजार. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य. दरम्यान कारखान्याने तुमच्या ८ लाखांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे ८०,००० कापलेले असतात. ते विवरणपत्र भरल्यावर परत येतात. आयटीआर-४ भरायचा, मात्र शेअर किंवा जागा विकून भांडवली नफा झाला असेल तर फॉर्म बदलू शकतो, ते सीएला विचारा.

एचआर, विक्री किंवा निव्वळ व्यवस्थापनाचा सल्ला देणार असाल तर थांबा. हे व्यवसाय ४४एडीएच्या यादीत स्पष्टपणे नाहीत. बिलावर काय लिहायचं हे पहिल्या बिलाआधी ठरवा.

ज्येष्ठ नागरिकांना ॲडव्हान्स टॅक्स माफ असतो ना?

असतो, पण ज्यांना धंदा-व्यवसायातून उत्पन्न नाही त्यांनाच. पहिली फी घेतली की ती माफी गेली. पेन्शन आणि व्याजावर वर्षानुवर्षं मार्चमध्ये निवांत असणारी माणसं इथे फसतात आणि नंतर व्याज भरतात. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर ४४एडीएवाल्यांनी तो सगळा १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरायचा असतो.

राज्याचा व्यवसाय कर वेगळा, वर्षाला २,५०० रुपये. वयाची ६५ वर्षं पूर्ण केलेल्यांना तो माफ आहे.

जीएसटी नंबर घ्यावा लागतो का?

महाराष्ट्रात सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तेवढी उलाढाल नसेल तर नंबर सक्तीचा नाही, गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरी. एक खाच आहे: ही मर्यादा मोजताना ठेवींचं व्याज आणि घरभाडंही धरायचं, असा अर्थ लावला गेला आहे. त्यामुळे फी १२ लाख आणि व्याज ९ लाख असेल तर 'मी कुठे वीस लाखांत' म्हणून निर्धास्त राहू नका. नंबर घेतला की १८ टक्के लावायचे. कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे मालकाची तक्रार नसते, कटकट असते ती तुमच्या रिटर्नची.

काम झालं आणि पैसे अडकले. काय करायचं?

याची तयारी काम सुरू होण्याआधीच करायची असते. उद्यम नोंदणी करून ठेवा. udyamregistration.gov.in या सरकारी साइटवर आधार आणि पॅनवर ती मोफत होते. तशाच दिसणाऱ्या साइट हजार-दोन हजार मागतात, तिकडे जाऊ नका. सल्ला देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

उपयोग असा: करार लेखी असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. व्याज प्रत्यक्षात फार कमी लोक मागतात. जास्त उपयोगी पडतं ते आयकराचं कलम ४३बी(एच). मुदतीत न दिलेली रक्कम कारखान्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. म्हणून मार्चमध्ये मालकाच्या सीएला एक सभ्य मेल गेला, बिल आणि उद्यम प्रमाणपत्र जोडून, की पुष्कळदा मालकापेक्षा सीएच घाई करतो. त्यानेही जमलं नाही तर सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

माझ्या सल्ल्याने काही बिघडलं तर?

सल्ला देणं आणि सही करणं यात फरक ठेवा. पीपीएपी, डेव्हिएशन, मशीनच्या सेफ्टीचे कागद यांवर कारखान्याच्याच माणसाची सही हवी. 'साहेब, तुमची सही असली की कस्टमर प्रश्न विचारत नाही' हे कौतुक नाकारा. इंटरलॉक काढून मशीन चालवून पाहायची वेळ आली तर लेखी नकार द्या. मोठ्या कामांसाठी व्यावसायिक दायित्वाचा विमा मिळतो. छोट्या कामांत करारातच लिहा की तुमची जबाबदारी घेतलेल्या फीपुरती मर्यादित राहील.

आणि स्वतःचा अपघात विमा जरूर घ्या. कंपनीचा ग्रुप विमा निवृत्तीबरोबर संपला, कारखान्याच्या विम्यात तुमचं नाव नाही. शॉप फ्लोअरवर सेफ्टी शूज आणि चष्मा स्वतःचा न्या. छोट्या युनिटमध्ये पाहुण्यांसाठीचे शूज असले तरी तुमच्या मापाचे नसतात.

काम कधी थांबवायचं?

तुम्ही सांगितलेली पहिली दोन कामं सलग तीन भेटींत झालेली नसतील, तर चौथ्या भेटीआधी मालकाशी बोला. एक तर तुमचं निदान चुकलंय, नाहीतर त्याला ते नकोय. दोन्हींत पुढचे दिवस बिलात लावणं योग्य नाही. झालेल्या दिवसांचं बिल, तोवरच्या नोंदी आणि अर्ध्या पानाची टिपणी देऊन मोकळे व्हा. ती टिपणी सुपरवायझरच्या नावाने द्या, प्रत मालकाला. लाल ट्रॉली शेवटी त्यालाच सांभाळायची आहे.